डीओएल स्टार्टरमधला फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले: शॉर्टसर्किटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात आम्ही मोटर पॅनल बनवतो आणि दुरुस्त करतो. कारखान्यांचे मेंटेनन्सवाले, वायरमन आणि छोट्या युनिटचे मालक आम्हाला पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, बहुतेक वेळा जळलेल्या कॉन्टॅक्टरच्या फोटोसह, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे हवेत राहू नयेत म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे: १५ एचपी (११ किलोवॅट) पंपाची मोटर, ४१५ व्होल्ट, नेमप्लेटवर २०.५ अँपिअर, पंप सुमारे चार सेकंदांत वेग घेतो. पॅनलपासून मोटरपर्यंत ६ चौरस मिमी तांब्याची ३० मीटर केबल आहे आणि युनिटचा स्वतःचा ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे.

१. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहेच, मग वर फ्यूज कशाला?

कारण ओव्हरलोड रिले स्वतः काहीच तोडत नाही. आतली बायमेटल पट्टी तापून वाकते, रिलेचा ९५-९६ हा संपर्क उघडतो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा जातो आणि मग कॉन्टॅक्टर मोटरचा करंट तोडतो. ही साखळी मुद्दाम संथ ठेवलेली आहे, कारण मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट घेते आणि तेवढ्यात रिले पडला तर मोटर कधीच चालू होणार नाही. नेहमीचा क्लास १०ए रिले सेट केलेल्या करंटच्या ७.२ पटीला, थंड अवस्थेतून, २ ते १० सेकंदांत पडतो.

शॉर्टसर्किटमध्ये करंट सात पट नसतो, शंभर पट किंवा त्याहून जास्त असतो. तेव्हा बायमेटल वाकायच्या आधी रिलेचा हीटरच वितळू शकतो. समजा रिले वेळेत पडलाच, तरी त्याने कॉन्टॅक्टरला असं काम सांगितलेलं असेल जे कॉन्टॅक्टरला झेपत नाही (प्रश्न ६). म्हणून शॉर्टसर्किट तोडण्याचं काम फ्यूजचं.

२. मग नुसत्या फ्यूजवर का भागत नाही?

५० अँपिअरचा जीजी फ्यूज ६२ अँपिअर तासभर विनातक्रार वाहतो. आपली मोटर ३० अँपिअरवर अडकत चालली तर वाइंडिंग जळून जाईल आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. मोटरचं ओव्हरलोडपासून रक्षण फक्त रिले करतो, म्हणून तो नेमप्लेटच्या करंटवर सेट हवा. आपल्या उदाहरणात १६ ते २५ रेंजचा रिले २०.५ वर. तो शेवटच्या खुणेपर्यंत फिरवून ठेवलेला आम्हाला पॅनलमागून पॅनल दिसतो, आणि तिथे मोटरला संरक्षण उरलेलंच नसतं.

३. को-ऑर्डिनेशन, को-ऑर्डिनेशन म्हणतात ते नेमकं काय?

तिघांमध्ये कामाची वाटणी आणि त्या वाटणीची सीमारेषा. कागदावर आडव्या अक्षावर करंट आणि उभ्या अक्षावर वेळ घ्या. रिलेची रेषा आणि फ्यूजची रेषा दोन्ही उतरत्या असतात. कमी करंटला रिले आधी काम करतो, जास्त करंटला फ्यूज. जिथे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, त्या करंटला आम्ही क्रॉसओव्हर म्हणतो.

तिघांची जुळणी बसली आहे असं कधी म्हणायचं? एक, मोटर सुरू होताना फ्यूज वितळत नाही आणि थकतही नाही. दोन, क्रॉसओव्हरचा करंट कॉन्टॅक्टर सुखरूप तोडू शकेल त्या मर्यादेच्या आत आहे. तीन, शॉर्टसर्किटमध्ये फ्यूज जेवढा करंट आणि जेवढी उष्णता पुढे जाऊ देतो तेवढी कॉन्टॅक्टर आणि रिले सोसतात. पहिलं आणि दुसरं तुम्ही कॅटलॉगच्या रेषा पाहून तपासू शकता. तिसरं कागदावर सिद्ध होत नाही, ते टेस्ट लॅबमध्येच कळतं. पुढचे बरेच प्रश्न या तिसऱ्या गोष्टीभोवती फिरतात.

४. टेंडरमध्ये ‘टाइप २ को-ऑर्डिनेशन’ लिहिलंय. टाइप १ पेक्षा वेगळं काय मिळतं?

आयईसी ६०९४७-४-१ या मानकात (आपल्याकडे आयएस/आयईसी ६०९४७-४-१) हे दोन प्रकार दिले आहेत. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे: शॉर्टसर्किट झालं तर माणसाला आणि आजूबाजूच्या जोडणीला धोका होता कामा नये.

टाइप १ इथेच थांबतो. कॉन्टॅक्टर जळाला, रिले गेला तरी चालतं, ते बदलून पुढे जायचं. टाइप २ मध्ये शॉर्टनंतर स्टार्टर पुन्हा वापरण्याजोगा राहिला पाहिजे. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट हलके चिकटलेले चालतात, पण ते सहज सुटले पाहिजेत आणि त्यांचा आकार बिघडता कामा नये. रिलेला मात्र कसलीही सूट नाही, त्याची ट्रिप होण्याची वेळ आधीसारखीच राहिली पाहिजे. फ्यूज अर्थातच बदलायचा.

आमचं मत विचाराल तर बागेच्या पंपाला टाइप १ पुरतो. पण ज्या मोटरच्या थांबण्याने अख्खी लाइन थांबते, रिअ‍ॅक्टरचं कूलिंग थांबतं किंवा ज्या युनिटमध्ये रात्रपाळीला सुटे भाग मिळत नाहीत, तिथे टाइप २ साठीचा जास्तीचा खर्च पहिल्याच शॉर्टमध्ये वसूल होतो.

५. मोटर २०.५ अँपिअरची आणि तुम्ही ५० चा फ्यूज टाकता. आमचा वायरमन म्हणतो ३२ बरा. कोण बरोबर?

वायरमनचा हेतू चांगला आहे, पण इथे ५० बरोबर. हिशेब करून पाहू.

मोटर सुरू होताना साधारण साडेसहा पट करंट घेते, म्हणजे २०.५ × ६.५ = १३३ अँपिअर, चार सेकंद. आता जीजी फ्यूजच्या मानकातल्या मर्यादा पाहा. ३२ चा फ्यूज ७५ अँपिअर १० सेकंद टिकलाच पाहिजे आणि १५० अँपिअरला ५ सेकंदांत वितळलाच पाहिजे. आपले १३३ अँपिअर या दोहोंच्या मधल्या अनिश्चित पट्ट्यात पडतात, तेही १५० च्या बाजूला. हा फ्यूज पहिल्या दिवशी टिकेल, दहाव्या दिवशी टिकेल आणि एक दिवस काही दोष नसताना जाईल. प्रत्येक स्टार्टला आतली पट्टी वितळण्याच्या जवळ जाऊन परत येते आणि हळूहळू थकते.

५० चा फ्यूज १२५ अँपिअर १० सेकंद धरतो. आपले १३३ अँपिअर थोडे जास्त आहेत, पण वेळ निम्म्याहून कमी आहे, म्हणून आरामात निभावतं. ४० चा फ्यूज ९५ अँपिअर १० सेकंद धरतो. तो काठावर आहे: पंप हलका असेल तर चालेल, आठवड्यातून दोनदाच सुरू होत असेल तर चालेल, पण तासाला चार स्टार्ट असतील तर आम्ही तो टाकणार नाही.

‘पण ५० चा फ्यूज मोटर कशी वाचवणार?’ हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. ओव्हरलोडपासून मोटर वाचवणं हे त्याचं काम नाही, ते रिलेचं (प्रश्न २). केबलचंही तेच: ओव्हरलोडपासून केबलला रिले वाचवतो, शॉर्टसर्किटपासून फ्यूज.

६. मोटर २०.५ ची, कॉन्टॅक्टर २५ चा. तरी उत्पादकाचा टाइप २ तक्ता ३२ चा किंवा त्याहून मोठा सांगतो. विक्री वाढवायची युक्ती आहे का?

नाही, कारण खरं आहे. कॉन्टॅक्टरवरचा २५ हा आकडा एसी-३ कामासाठीचा आहे, म्हणजे मोटर सुरू करणं आणि चालती मोटर बंद करणं. त्या कामासाठी २५ चा कॉन्टॅक्टर पुरेसा आहे आणि वर्षानुवर्षं चालेल. प्रश्न उद्भवतो तो बिघाडाच्या वेळी. मानकाप्रमाणे एसी-३ कॉन्टॅक्टरला आपल्या रेटिंगच्या ८ पट करंट तोडता आला पाहिजे. २५ चा असेल तर २०० अँपिअर, ३२ चा असेल तर २५६.

आता क्रॉसओव्हर कुठे येतो ते बघू. रिले २०.५ वर सेट आहे. १४८ अँपिअरला (७.२ पट) तो जास्तीत जास्त १० सेकंदांत पडतो, त्यावर करंट वाढेल तशी वेळ कमी होते. ५० चा फ्यूज २५० अँपिअरला ५ सेकंदांच्या आत वितळायलाच हवा. दोन्ही रेषा एका कागदावर काढल्या की त्या साधारण २०० ते २५० अँपिअरच्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात. नेमका आकडा तुमच्या कंपनीच्या रेषांवरून काढा.

याचा अर्थ असा की २२० अँपिअरचा बिघाड झाला, उदाहरणार्थ वाइंडिंगच्या काही वेढ्यांमध्ये शॉर्ट झाला, तर फ्यूजच्या आधी रिले पडू शकतो आणि २५ च्या कॉन्टॅक्टरला २२० अँपिअर तोडायला सांगतो. त्याची खात्री २०० पर्यंतचीच आहे. कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझत नाही, आर्क चूट जळतो, कधी दोन फेज आतल्या आत जुळतात आणि स्टार्टरच शॉर्टसर्किटची जागा बनतो. ३२ चा कॉन्टॅक्टर हे निभावतो. फ्यूज लहान करूनही क्रॉसओव्हर खाली आणता आला असता, पण ते का करत नाही हे प्रश्न ५ मध्ये आहे.

७. आमच्या पॅनलवर शॉर्टसर्किटचा करंट किती येईल? हे आम्हाला कसं कळणार?

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून अंदाज निघतो. ५०० केव्हीए, दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भाराचा करंट ६६७ अँपिअर. नेमप्लेटवर इम्पीडन्स ४.५ टक्के असेल तर

६६७ ÷ ०.०४५ = सुमारे १४,८०० अँपिअर

हा ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवरचा आकडा. मुख्य पॅनल शेजारच्याच खोलीत असेल तर तिथेही जवळजवळ तेवढाच. आता मोटरच्या टर्मिनल बॉक्सपाशी जा. ६ चौरस मिमी तांब्याचा रोध मीटरमागे सुमारे ३.०८ मिलिओहम, म्हणून ३० मीटरला ९२ मिलिओहम. ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इम्पीडन्स जेमतेम १७ मिलिओहम. दोन्ही मिळून मोटरपाशी तिन्ही फेज एकत्र आल्या तर करंट होतो सुमारे २,५०० अँपिअर. एकच स्टार्टर, पण शॉर्ट स्टार्टरच्या खालच्या टर्मिनलवर झाला की पंधरा हजारांच्या घरात, मोटरपाशी झाला की अडीच हजार.

मानकाने चाचणी दोन पातळ्यांवर मागितली आहे ती याच कारणाने. एक मोठ्या करंटवर, जो उत्पादक जाहीर करतो (तक्त्यात बहुधा ५० किंवा ८० किलोअँपिअर), आणि एक लहान करंटवर, जो स्टार्टरच्या रेटिंगवरून ठरतो: १६ अँपिअरपर्यंत १ किलोअँपिअर, १६ ते ६३ अँपिअरला ३ किलोअँपिअर, ६३ ते १२५ ला ५ किलोअँपिअर. आपली २०.५ ची मोटर ३ किलोअँपिअरच्या गटात येते, आणि मोटरपाशी आपण काढलेला अडीच हजारांचा आकडा त्याच्या किती जवळ आहे पाहा. प्रत्यक्षात बहुतेक शॉर्ट मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये किंवा केबलमध्ये होतात, म्हणून ही लहान चाचणी क्षुल्लक समजू नका.

८. शॉर्ट झाला, फ्यूज लगेच गेला, तरी कॉन्टॅक्ट चिकटले. असं का होतं?

कॉन्टॅक्टरचे दोन कॉन्टॅक्ट पूर्ण पृष्ठभागाने टेकलेले नसतात, काही बारीक ठिपक्यांवरच टेकतात. करंट त्या ठिपक्यांकडे आकसतो आणि पलीकडे पसरतो. या आकसण्यामुळे दोन्ही कॉन्टॅक्टना एकमेकांपासून दूर ढकलणारं चुंबकीय बल तयार होतं, आणि ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. नेहमीच्या करंटला स्प्रिंग त्याला सहज दाबून ठेवते. काही हजार अँपिअरला स्प्रिंग हरते. कॉइल ओढलेली असतानाही कॉन्टॅक्ट क्षणभर उचलले जातात, मधे आर्क पेटतो, चांदीचा पृष्ठभाग वितळतो. तेवढ्यात फ्यूज करंट संपवतो, स्प्रिंग वितळलेले कॉन्टॅक्ट पुन्हा एकमेकांवर दाबते आणि ते थंड होताना जोडले जातात.

म्हणून फ्यूज गेला एवढंच पुरेसं नाही, तो जाईपर्यंत किती करंट आत गेला हे महत्त्वाचं. १० किलोअँपिअरचा शॉर्ट असेल तर फ्यूज नसताना पहिल्या अर्ध्या सायकलचं शिखर १७ किलोअँपिअरपर्यंत जाऊ शकतं. ५० चा एचआरसी फ्यूज ते शिखर येण्याआधीच तुटतो आणि करंट साधारण पाच किलोअँपिअरच्या आसपास अडवतो. एचआरसी फ्यूजचा खरा गुण हा. किटकॅटमध्ये तो नाही. त्याची तार खुल्या हवेत वितळते, करंट अडवत नाही आणि मोठ्या शॉर्टला पोर्सेलीन फुटतं. किटकॅट वर असेल तर टाइप २ हा शब्दच वापरू नका.

आता बहुतेक चिकटलेल्या कॉन्टॅक्टचं कारण सांगतो: कधीतरी कोणीतरी ५० च्या जागी १०० चा फ्यूज टाकलेला असतो, कारण ‘५० चा सारखा उडत होता’. फ्यूजचा आकडा दुप्पट झाला की शॉर्टमध्ये पुढे जाणारी उष्णता दुप्पट होत नाही, चार-पाच पट होते. कॉन्टॅक्टर आणि रिले तेच राहिले, त्यांच्यावरचा मार पाचपट झाला. फ्यूज सारखा उडत असेल तर स्टार्टचा करंट टाँग टेस्टरने मोजा, स्टार्टला लागणारी वेळ मोजा, फ्यूजच्या क्लिप सैल किंवा काळ्या पडल्या आहेत का ते पाहा. रबाळे-महापेच्या रासायनिक हवेत क्लिप काळ्या पडतात, तिथे उष्णता तयार होते आणि फ्यूज ठरलेल्या आकड्याआधीच जातो.

९. कॉन्टॅक्टर एका कंपनीचा, रिले दुसऱ्या, फ्यूज तिसऱ्या कंपनीचा. रेटिंग तीच आहे. टाइप २ राहतं ना?

राहत नाही. टाइप २ हा कॉन्टॅक्टरचा गुण नाही आणि फ्यूजचाही नाही, तो चाचणी झालेल्या जोडीचा गुण आहे. लॅबमध्ये त्या विशिष्ट फ्यूजसह, त्या विशिष्ट कॉन्टॅक्टर आणि रिलेवर शॉर्ट घडवून पाहिलेला असतो. स्टार्टर आधीच चालू असताना शॉर्ट, आणि कॉन्टॅक्टर थेट शॉर्टवर मिटताना शॉर्ट, असं दोन्ही तऱ्हेने. दोन कंपन्यांचे ५० चे फ्यूज मानकाच्या एकाच पट्ट्यात बसतात, पण पट्टा रुंद आहे. एक जितकी उष्णता पुढे सोडतो त्याच्या दीडपट दुसरा सोडू शकतो.

घाईत फ्यूज मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा टाकावा लागला तर मोटर चालेल, माणसाला धोकाही बहुधा होणार नाही, पण टाइप २ चा दावा करू नका आणि मूळ फ्यूज आला की बदला. उत्पादकाचा टाइप २ तक्ता पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. रात्रपाळीचा माणूस कॅटलॉग शोधत बसत नाही.

१०. फ्यूजऐवजी एमसीबी लावला तर? बदलायची कटकट नाही.

आपल्या उदाहरणात दोन अडचणी आहेत. पॅनलवर १४.८ किलोअँपिअर येऊ शकतात आणि बाजारातले बरेच एमसीबी १० किलोअँपिअर तोडणारे असतात. इथेच तो बाद होतो. ट्रान्सफॉर्मर लहान किंवा केबल लांब असल्याने करंट १० च्या आत असला तरी दुसरी अडचण उरते: एमसीबी एचआरसी फ्यूजइतका करंट अडवत नाही, म्हणून कॉन्टॅक्टरवर जास्त मार बसतो.

फ्यूज नकोच असेल तर मोटर प्रोटेक्शन सर्किट ब्रेकरचा, म्हणजे एमपीसीबीचा, विचार करा. त्याच्याबरोबर चाचणी झालेले टाइप २ तक्ते मिळतात. बहुधा त्या तक्त्यात कॉन्टॅक्टर फ्यूजवाल्या तक्त्यापेक्षा मोठा असतो, याचं आता आश्चर्य वाटू नये.

११. तीनपैकी एकच फ्यूज गेला. तिन्ही बदलायचे का?

हो, तिन्ही. शॉर्टचा करंट किमान दोन फ्यूजमधून गेलेला असतो. एक आधी तुटला म्हणून दुसरा वाचला, पण त्याची पट्टी अर्धवट वितळलेली असू शकते. मल्टिमीटरवर तो चांगलाच दिसतो. पुढच्या एखाद्या साध्या स्टार्टला तो जातो आणि मोटर दोन फेजवर अडकते.

तेव्हा काय होतं? उरलेल्या दोन फेजचा करंट सुमारे १.७ पट होतो. फेज-फेल्युअरची सोय असलेला रिले हे ओळखून लवकर पडतो. नवीन रिलेंमध्ये ही सोय बहुधा असते, तरी नेमप्लेट वाचा. स्ट्रायकर पिन आणि मायक्रोस्विच असलेले फ्यूज-स्विच मिळतात, ते एक फ्यूज गेला की कॉइलचा पुरवठाच तोडतात. मोठ्या मोटरला तो खर्च करावा असं आम्ही सुचवतो.

१२. टाइप २ स्टार्टर आहे. शॉर्टनंतर फ्यूज बदलून लगेच चालू करायचा का?

नाही. आधी मेन बंद करून लॉक लावा, टेस्टरने पुरवठा नाही याची खात्री करा, आणि शॉर्ट कुठे झाला ते शोधा. मोटर आणि केबल मेगर केल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. शॉर्ट तिथेच असेल तर दुसऱ्यांदा त्याच मारात तुम्ही कॉन्टॅक्टरला ढकलताय.

मग कॉन्टॅक्टरचं आर्क चूट काढा. कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर पेचकसाच्या टोकाने हलका दाब देऊन सुटतात का पाहा. सहज सुटले आणि पृष्ठभागावर फक्त काळसरपणा आणि बारीक खळगे असतील तर कॉन्टॅक्टर चालेल. कानशीने घासू नका, त्याने चांदीच निघून जाते. जोर लावावा लागला, लचका निघाला किंवा तीन पोलची उंची वेगळी दिसली, तर कॉन्टॅक्ट किट किंवा कॉन्टॅक्टर बदला.

रिलेचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो ठीक आहे असं मानू नका. ते बटण फक्त यंत्रणा आणि ९५-९६ तपासतं, हीटरला हातही लावत नाही. तिन्ही हीटरचा रंग एकसारखा आहे का पाहा. शक्य असेल तर करंट इंजेक्शन सेटने सेटिंगच्या दीडपट करंट द्या. क्लास १०ए रिले गरम अवस्थेतून दोन मिनिटांच्या आत पडला पाहिजे. परवानाधारक ठेकेदाराकडे हा सेट असतो.

१३. आमचा मोठा ब्लोअर सुरू व्हायला १५ सेकंद घेतो. हाच तक्ता चालेल?

चालणार नाही. त्याला क्लास २० किंवा क्लास ३० रिले लागतो, म्हणजे रिलेची रेषा वर सरकते. स्टार्ट लांबल्याने फ्यूजही मोठा लागतो. दोन्हींमुळे क्रॉसओव्हर उजवीकडे, मोठ्या करंटकडे जातो आणि कॉन्टॅक्टरही मोठा घ्यावा लागतो. उत्पादक जड स्टार्टसाठी वेगळा तक्ता देतात, तोच मागा.

१४. अर्ध्या एचपीची मोटर आहे. तिला फ्यूजचा काय एवढा विचार?

लहान मोटरलाच जास्त. १ ते १.६ अँपिअरच्या रिलेचा हीटर बारीक असतो आणि तोच पूर्ण साखळीतला सर्वांत नाजूक भाग ठरतो. इथे फ्यूजची कमाल मर्यादा कॉन्टॅक्टर ठरवत नाही, रिले ठरवतो. रिलेच्या अंगावर कमाल बॅकअप फ्यूज छापलेला असतो, तो वाचा. एका स्विचखाली चार छोट्या मोटरी घेऊन सगळ्यांना मिळून ३२ चा फ्यूज टाकलेला आम्हाला वारंवार दिसतो. तिथे शॉर्ट झाला की हीटर जातो, कधी फ्यूजच्याही आधी. प्रत्येक मोटरला स्वतःचा फ्यूज द्या.

१५. आमच्याकडे फ्यूज शाबूत राहिले आणि कॉन्टॅक्टर जळाला. तक्त्याप्रमाणेच सगळं होतं. हे कसं?

या तक्रारीत आम्ही पहिल्यांदा विचारतो: अर्थ लीकेज रिले कुठे जोडलाय? बऱ्याच पॅनलमध्ये त्याचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत असतो. गळती काही मिलिअँपिअरची किंवा काही अँपिअरची असेल तर ते योग्यच आहे.

पण मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये फेज थेट बॉडीला लागली आणि अर्थिंग मध्यमसं आहे, तर करंट समजा ४०० अँपिअर होतो. ५० च्या जीजी फ्यूजला ०.१ सेकंदात वितळायला मानकाप्रमाणे ३५० ते ६१० अँपिअर लागतात, म्हणजे ४०० ला तो कदाचित थोडा जास्त वेळ घेईल. अर्थ लीकेज रिले मात्र तात्काळ सेट केलेला असेल तर त्याच्या आधीच कॉइल सोडतो. ३२ चा कॉन्टॅक्टर २५६ अँपिअर तोडतो, त्याला ४०० तोडायला लावलं. आर्क विझला नाही, कॉन्टॅक्टर गेला, आणि फ्यूजला पूर्ण काम करायची वेळच आली नाही. क्रॉसओव्हरचा सगळा हिशेब ओव्हरलोड रिले धरून केलेला असतो. कॉइल सोडू शकणारी प्रत्येक दुसरी वस्तू त्या हिशेबाबाहेर असते. प्रोसेसचा इंटरलॉक, पीएलसीचा आउटपुट, व्होल्टेज बसल्यावर सुटणारी कॉइल हे सगळे त्यातच येतात.

उपाय असा: अर्थ लीकेज रिलेला थोडा विलंब द्या, म्हणजे मोठ्या करंटला फ्यूज आधी जाईल. किंवा त्याच्या ट्रिपने वरचा सर्किट ब्रेकर शंट ट्रिपने पाडा, कारण तो एवढा करंट तोडू शकतो. काही रिलेंमध्ये ठरावीक करंटच्या वर ट्रिप रोखण्याची सोय असते, तीही चालते. आणि अर्थिंगचा लूप इम्पीडन्स मोजून घ्या. तो कमी असेल तर बॉडीला लागलेली फेज चारशेवर न रेंगाळता हजारांत जाईल, आणि तिथे फ्यूज कॉइल सुटण्याच्या कितीतरी आधी आपलं काम उरकतो.